शाळेच्या नव्या बोधचिन्हाचे अनावरण: मुख्याध्यापकांचे भाषण कसे तयार करावे

शाळेचे बोधचिन्ह बदलले की अनावरणाच्या दिवशी बोलण्याची जबाबदारी साहजिकच मुख्याध्यापकांकडे येते, आणि बहुतेक समारंभांत हे भाषण नेहमीच्या प्रास्ताविकात विरून जाते. संस्थेची स्थापना, संस्थापकांचे स्मरण, दहावीचा निकाल, इमारतीचा नवा मजला आणि व्यासपीठावरील मान्यवरांचे आभार एवढे सगळे झाल्यावर शेवटच्या मिनिटात बोधचिन्हाचा उल्लेख येतो, पडदा सरकतो, टाळ्या होतात आणि लोक अल्पोपाहाराकडे वळतात. ज्यांना असे भाषण प्रथमच लिहायचे आहे त्यांनी ते प्रास्ताविकापासून वेगळे काढावे, ही पहिली सूचना. प्रास्ताविक पर्यवेक्षकांकडे किंवा एखाद्या ज्येष्ठ शिक्षकांकडे द्यावे आणि मुख्याध्यापकांनी फक्त बोधचिन्हावर बोलावे. व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. आठ मिनिटांचे भाषण म्हणजे आठशे शब्द, आणि मैदानात बसलेल्या पाचवी-सहावीच्या मुलांसाठी ती कमाल मर्यादाच समजावी.

भाषणाआधीची तयारी

समोर तीन प्रकारचे श्रोते असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. विद्यार्थ्यांना हे चित्र कशाचे आहे आणि ते आपल्या शर्टावर कधी येणार, एवढेच जाणून घ्यायचे असते. पालकांचा प्रश्न खर्चाचा असतो: नवा गणवेश घ्यावा लागणार का, थोरल्याचा शर्ट धाकट्याला चालेल का, खिशावरचे चिन्ह बदलून मिळेल का. माजी विद्यार्थ्यांना जुने चिन्ह का काढले आणि काढण्याआधी कोणाला विचारले, हे ऐकायचे असते. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहून काढावीत आणि ती शालेय समितीच्या बैठकीत वाचून दाखवावीत. एखाद्या उत्तरावर समितीतच एकमत नसेल तर अनावरणाची तारीख पुढे ढकललेली बरी. गणवेशाचे ठरलेले नसताना व्यासपीठावरून ‘त्याबाबत लवकरच कळवण्यात येईल’ असे सांगितले, तर घरी जाताना पालक बोधचिन्हाविषयी न बोलता फक्त त्याच एका वाक्याविषयी बोलतात.

तारखेचाही या भाषणाशी थेट संबंध आहे. १५ ऑगस्ट हा दिवस सोयीचा वाटतो, पण पालकांनी जूनमध्येच गणवेश घेतलेले असतात आणि प्रगतिपुस्तके व दैनंदिन्या छापून झालेल्या असतात. त्या वेळी काहीही जाहीर केले तरी ते उशिरा केल्यासारखे ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीतले स्नेहसंमेलन किंवा त्या सुमारास येणारा शाळेचा स्थापना दिन अधिक योग्य, कारण मे महिन्यातल्या छपाईला आणि गणवेशाच्या खरेदीला पुरेसा अवधी मिळतो आणि बाहेरगावचे माजी विद्यार्थीही त्याच काळात गावी येतात.

भाषणात ज्यांचे आभार मानायचे त्या चित्रकाराशी लेखी व्यवहार पूर्ण झालेला असावा, कारण एकदा जाहीर झालेले चिन्ह मागे घेणे अवघड असते. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. चिन्ह एखाद्या माजी विद्यार्थ्याने प्रेमाने विनामूल्य काढून दिले असले, तरी एक पानी हस्तांतरण-पत्र करावे आणि त्यात मुदत स्पष्ट लिहावी. चिन्ह काढणारा शाळेतलाच विद्यार्थी असेल तर त्याच्या पालकांची सही घ्यावी. आराखड्यात राजमुद्रेचे सिंह, अशोकचक्र, छत्रपती शिवाजी महाराजांचे किंवा महात्मा गांधींचे चित्र असेल तर आधी संस्थेच्या वकिलांचे मत घ्यावे. या सर्वांचा उल्लेख १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदाही आहे. हे व्यासपीठावर सांगायचे नसते, पण सभेनंतर एखाद्या वकील पालकाने विचारले तर उत्तर तयार असावे.

काय राहणार आहे, हे आधी सांगावे

भाषणाच्या रचनेत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: पडदा सरकण्यापूर्वी श्रोत्यांना हे कळलेले असावे की जुन्यातले काय राहणार आहे. हा क्रम उलटा झाला की काय होते, त्याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. २०१२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाने एक नवे चिन्ह पुढे आणले. विद्यापीठाची १९१० पासूनची जुनी मुद्रा, जिच्यावर उघडे पुस्तक आणि ‘प्रकाश होवो’ या अर्थाचे ब्रीद आहे, ती पदवी प्रमाणपत्रांवर कायम राहणारच होती. पण विद्यार्थ्यांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा समज असा झाला की मुद्रा जाऊन तिच्या जागी हे चिन्ह येत आहे. विरोधाच्या अर्जावर ५०,००० हून अधिक सह्या झाल्या. विद्यापीठ खुलासे देत राहिले, परंतु पहिला समज पुसला गेला नाही आणि डिसेंबर २०१२ मध्येच त्या चिन्हाचा वापर थांबवावा लागला. चिन्ह चांगले होते की वाईट, यावर मतभेद असू शकतात; खुलासा मात्र उशिरा आला, याविषयी फारसा वाद होण्याचे कारण नाही.

आपल्याकडचे उलट उदाहरण म्हणून २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे अनावरण झालेल्या भारतीय नौदलाच्या ध्वजाकडे पाहता येईल. जुन्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रॉस गेला. वरच्या कोपऱ्यातला तिरंगा राहिला, नौदलाचे जुनेच ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आता ध्वजावर आले, आणि जी अष्टकोनी चौकट नव्याने आली तिची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या मुद्रेतून घेतल्याचे त्याच वेळी सांगितले गेले. काय गेले, काय राहिले आणि नवे कुठून आले, या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला एका दमात समजल्या. शाळेच्या भाषणाला याहून वेगळा सांगाडा लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: जुन्या चिन्हाविषयी आदराने आणि नेमकेपणाने बोलावे, काय राहणार ते सांगावे, बदल का करावा लागला ते सांगावे, मग अनावरण व्हावे, त्यानंतर थोडे थांबून चिन्हाचा अर्थ सांगावा आणि अखेरीस व्यवहाराचे वेळापत्रक द्यावे. अनावरण भाषणाच्या मधोमध येते, शेवटी नाही. मुख्याध्यापक बोलून खाली बसल्यावर पडदा सरकला, तर चिन्ह समोर असताना त्याचा अर्थ सांगणारे कोणी राहत नाही.

अर्थ किती सांगावा

नवख्या वक्त्याची सर्वाधिक गफलत इथे होते. चिन्हातल्या प्रत्येक रेषेला आणि रंगाला अर्थ देण्याचा मोह होतो: भगवा त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा, वर्तुळ पूर्णत्वाचे, सूर्य ज्ञानाचा. यातले एकही वाक्य श्रोत्याच्या लक्षात राहत नाही, कारण ते कोणत्याही शाळेच्या चिन्हाविषयी म्हणता येते. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावावी: शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक हेच वाक्य त्यांच्या चिन्हाविषयी बोलू शकतील का? बोलू शकत असतील तर ते काढून टाकावे. रयत शिक्षण संस्थेच्या चिन्हात वटवृक्ष आहे. १९१९ साली सुरू झालेल्या आणि गावोगावी शाखा काढत गेलेल्या संस्थेच्या बाबतीत, पारंब्यांनी जमीन धरत पसरणाऱ्या त्या झाडाचा अर्थ विद्यार्थ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. तोच वड एकाच इमारतीत भरणाऱ्या शाळेने घेतला, तर तो समजावताना वक्त्याची दमछाक होते.

अर्थ नेमका आणि थोडक्यात कसा सांगावा, याचा नमुना एनसीईआरटीच्या चिन्हाच्या स्पष्टीकरणात सापडतो. त्या चिन्हात एकमेकांत गुंफलेले हंस आहेत. ते संशोधन व विकास, प्रशिक्षण आणि विस्तार या संस्थेच्या कामाच्या तीन अंगांचे एकत्र येणे दाखवतात. आकृती कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात मस्कीजवळच्या उत्खननात सापडलेल्या, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील अशोककालीन अवशेषावरून घेतली आहे, आणि ‘विद्ययाऽमृतमश्नुते’ हे ब्रीद ईशोपनिषदातले आहे. चित्र काय आहे, ते कशाचे आहे, कुठून आले आणि शब्द कुठले, एवढेच तिथे सांगितलेले आहे. रंगांविषयी तिथे एक शब्दही नाही.

जुन्या चिन्हाच्या बाबतीत आणखी एक संयम पाळावा. ते काढणाऱ्याने अर्थ कुठे लिहून ठेवला नसेल तर आपण तो नव्याने रचू नये. जुन्या अहवालांत, स्मरणिकांत, संस्थेच्या इतिवृत्तांत शोधावे. सापडले तर सांगावे, न सापडल्यास चित्राचे वर्णन करून पुढे जावे. सभेत सत्तरीतले माजी विद्यार्थी बसलेले असतात आणि त्यांपैकी एखाद्याला खरी हकिकत माहीत असते.

बोधवाक्य संस्कृत असेल तर भाषणात ते एकदाच, पदे सावकाश तोडून म्हणावे आणि लगेच मराठीत अर्थ द्यावा. त्याआधी संस्कृतच्या शिक्षकांकडून लेखन तपासून घ्यावे, आणि ते टंकलेल्या मजकुराचे तपासू नये, तर प्रत्यक्ष फलकावर छापल्या जाणाऱ्या अंतिम चित्राचे तपासावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर चित्रकाराच्या संगणकावर युनिकोडमध्ये नेताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, अवग्रह गळतो किंवा जोडाक्षराचा पाय मोडतो. चार फुटी फलकावर अशी चूक मागच्या रांगेतूनही दिसते.

एक भाषण, टप्प्याटप्प्याने

समजा, तालुक्याच्या गावातली १९५८ साली सुरू झालेली एक माध्यमिक शाळा आहे. तिच्या जुन्या चिन्हात वर्तुळाच्या मध्यभागी पाच वातींची समई, समईखाली उघडे पुस्तक आणि कडेने ‘विद्या विनयेन शोभते’ हे वाक्य होते. ते चिन्ह तेव्हाच्या चित्रकला शिक्षकांनी हाताने काढले होते. मूळ चित्र आता उपलब्ध नाही. प्रत्येक छापखान्याने मागच्या लेटरहेडवरून नवी प्रत काढली, तसतशी रेघ जाड होत गेली आणि आता बिल्ल्यावर पाचांपैकी दोनच वाती ओळखू येतात. नव्या चिन्हात समई आणि वाक्य कायम आहे. पुस्तकाच्या जागी शाळेच्या दगडी प्रवेशद्वाराची कमान आली आहे, जी गावकऱ्यांनी १९६४ मध्ये श्रमदानाने उभी केली. हे तपशील उदाहरणापुरते आहेत. आपल्या शाळेचे त्या जागी घालावेत.

संबोधन मोठे करू नये. व्यासपीठावरील सर्वांची नावे प्रास्ताविकात आलेली असतातच. सुरुवात थेट जुन्या चिन्हापासून होऊ शकते:

‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय पालकहो, माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो आणि माझ्या विद्यार्थी मित्रहो, माझ्या हातात हा १९७१ सालचा बिल्ला आहे. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने तो आजपर्यंत जपून ठेवला आणि आजच्यासाठी आम्हाला दिला. यावरची समई नीट पाहिली तर तिच्या पाचही वाती मोजता येतात. शाळेच्या पहिल्या चित्रकला शिक्षकांनी हे चिन्ह काढले, तेव्हा शाळेचे वर्ग देवळाच्या ओवरीत भरत होते. गेल्या साठ वर्षांहून अधिक काळ हेच चिन्ह आपल्या प्रगतिपुस्तकांवर आणि दाखल्यांवर राहिले.’

खरी वस्तू हातात घेऊन बोलण्याने दोन गोष्टी साधतात. माजी विद्यार्थ्यांना पहिल्याच मिनिटात विश्वास वाटतो की जुन्याचा अनादर होणार नाही, आणि वाती मोजण्याचा उल्लेख पुढे बदलाचे कारण सांगताना कामी येतो. यानंतर लगेच काय राहणार ते सांगावे:

‘काही मिनिटांत आपण नवे चिन्ह पाहणार आहोत. त्याआधी तीन गोष्टी स्पष्ट करतो. समई राहणार आहे, आणि तिच्या वाती पाचच राहणार आहेत. विद्या विनयेन शोभते, म्हणजे विद्येला नम्रतेने शोभा येते, हे आपले बोधवाक्य अक्षरही न बदलता राहणार आहे. आणि ज्यांच्या दाखल्यांवर, प्रमाणपत्रांवर जुने चिन्ह आहे, त्यांतल्या कोणालाही काहीही बदलून घ्यावे लागणार नाही. शाळेच्या नोंदवहीतली नोंद आणि दाखल्यावरचा सही-शिक्का जसाच्या तसा ग्राह्य आहे.’

शेवटचे वाक्य शिक्षकांना अनावश्यक वाटेल, पण परगावी नोकरी करणाऱ्या किंवा परदेशी जाण्यासाठी कागदपत्रे जमवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला ही शंका हमखास येते. मग कारण सांगावे, आणि ते खरे व साधे असावे. ‘काळाबरोबर बदलणे’, ‘एकविसाव्या शतकाची आव्हाने’ अशा शब्दांनी श्रोत्याला वाटते की खरे कारण दडवले जात आहे.

‘मग बदल कशासाठी? मूळ चित्र आपल्याकडे उरले नाही. दर वेळी प्रतीवरून प्रत निघत गेली. यंदाचा बिल्ला मी मुलांना दाखवला आणि वाती मोजायला सांगितल्या. कोणी दोन म्हणाले, कोणी तीन. चित्र पुन्हा काढणे भागच होते. ते काढताना शालेय समितीने माजी विद्यार्थी संघाला आणि पालक-शिक्षक संघाला आराखडे दाखवले, आणि पुस्तकाच्या जागी आपल्याच शाळेची एखादी खूण असावी, ही सूचना त्या चर्चेतूनच पुढे आली.’

कोणाला विचारले, याचे उत्तर इथे आले आहे. प्रत्यक्षात विचारले नसेल तर हे वाक्य अर्थातच बोलता येणार नाही, आणि त्याची भरपाई भाषणातल्या दुसऱ्या कोणत्याही वाक्याने होत नाही. खूण कोणती, हे अद्याप सांगितलेले नाही, याकडेही लक्ष द्यावे. पडद्याआडच्या चित्राचे आधीच वर्णन केले तर पाहण्यासारखे काही उरत नाही. आता अनावरण:

‘यंदा पाचवीत आलेले दोन विद्यार्थी आणि शाळेच्या पहिल्या तुकडीचे प्रतिनिधी म्हणून आज उपस्थित असलेले आपले ज्येष्ठ माजी विद्यार्थी, या तिघांनी मिळून अनावरण करावे, अशी मी विनंती करतो.’

प्रमुख पाहुण्यांनाच दोरी ओढायला द्यायची प्रथा असेल तर त्यांच्याबरोबर विद्यार्थी उभे करावेत. पडदा सरकल्यावर मुख्याध्यापकांनी पूर्ण वीस सेकंद बोलू नये. हे वीस सेकंद वक्त्याला फार मोठे वाटतात, पण पाठीमागच्या रांगांना चित्र ओळखायला तेवढा वेळ लागतोच. टाळ्या ओसरू लागल्या की पुढे बोलावे:

‘समईच्या खाली जी कमान दिसते, ती आपण सगळे ओळखता. आज सकाळी आपण तिच्याखालूनच आत आलात. १९६४ च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी ओढ्याकाठचा दगड बैलगाड्यांतून आणून ती बांधली. त्यांतल्या काही घरांतली नातवंडे आज समोर बसली आहेत. कमानीच्या मधोमध एक दगड इतरांपेक्षा थोडा उंच आहे. चिन्हातही तो तसाच ठेवला आहे. मुलांनो, उद्या शाळेत येताना वर बघा आणि तो दगड शोधा.’

अर्थ एवढाच. वातींचा अर्थ दिलेला नाही, कारण तो कुठे नोंदलेला नाही. रंगाविषयी बोलायचेच असेल तर गणवेशाचा जो निळा तोच चिन्हाचा, असे एक वाक्य पुरे. संबोधनाचा बदलही पाहावा: पालक आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलताना ‘आपण’, मुलांकडे वळताना ‘मुलांनो’ आणि ‘तुम्ही’. कोणाशी बोलतो आहोत, हे त्यामुळे वेगळे सांगावे लागत नाही. आता पालकांसाठी:

‘पालकांसाठी व्यवहाराचे सांगतो. या वर्षी गणवेशात कोणताही बदल नाही. येत्या जूनपासून पाचवीत प्रवेश घेणाऱ्यांच्या गणवेशावर नवे चिन्ह असेल. बाकी सर्व इयत्तांना सध्याचा गणवेश पुढची दोन वर्षे चालेल, भावंडांचा वापरलेलाही चालेल. खिशावर लावायचे कापडी चिन्ह शाळा प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा विनामूल्य देईल. ते कोणत्याही शिंप्याकडून लावून घ्यावे. शाळेने कोणतेही दुकान ठरवलेले नाही. हीच माहिती असलेला कागद आज प्रत्येक वर्गशिक्षकांकडे मिळेल.’

हा परिच्छेद पाठ न करता कागदावरून वाचावा. तारखा आणि इयत्ता बोलण्याच्या ओघात बदलल्या की पुढे वर्षभर खुलासे करावे लागतात. शेवटी चित्रकाराचे नाव घेऊन आभार मानावेत, आणि जुन्या चित्रकला शिक्षकांचे कुटुंबीय उपस्थित असल्यास त्यांचा सन्मान इथे ठेवावा. हा सन्मान आधीच, नेहमीच्या सत्कारांच्या रांगेत उरकला तर त्याचा चिन्हाशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

व्यासपीठावरची व्यवस्था

भाषण कितीही नीट लिहिले तरी फलक दिसला नाही तर उपयोग नाही. दूरवरून आरामात वाचता यावे म्हणून दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची सुमारे एक इंच धरतात. मैदानातली शेवटची रांग ऐंशी फुटांवर असेल तर बोधवाक्याची अक्षरे, वेलांट्या-उकार सोडून, आठ इंच उंच हवीत. चार फुटी फलकावर वर्तुळाच्या कडेने एवढी अक्षरे बसणार नाहीत. अशा वेळी वाक्य चिन्हाखाली वेगळ्या पट्टीवर मोठे छापावे. चकचकीत फ्लेक्सवर सकाळचे ऊन पडले की मधला भाग पांढरा दिसतो, म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी फलक उभा करून शेवटच्या रांगेतून पाहून घ्यावे.

पडद्यासाठी सॅटिनचे कापड छान दिसते, परंतु ते वरच्या खिळ्याला अडकण्याचा संभव असतो, आणि दोरी ओढताना फलकच पुढे कलतो. फलकाची चौकट मागून बांधावी, गाठ एका ओढीत सुटणारी असावी, आणि जे विद्यार्थी अनावरण करणार आहेत त्यांच्याकडूनच दोन-तीनदा सराव करून घ्यावा. राष्ट्रध्वजाचा पडदा म्हणून वापर कधीही करू नये. ध्वजसंहितेनुसार अनावरणाच्या प्रसंगी ध्वजाला स्वतंत्र स्थान असावे लागते आणि त्याने काहीही झाकता येत नाही. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर लगेच अनावरण ठेवले असेल तर हेही पाहावे की ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या वर कोणतेही चिन्ह लावता येत नाही. नव्या चिन्हाचा शाळेचा ध्वज केला असेल तर तो राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच नसावा.

गुपित सहसा दोन ठिकाणी फुटते. छापखान्याने उत्साहाने निमंत्रणपत्रिकेवरच नवे चिन्ह टाकलेले असते, किंवा प्रवेशद्वारावरच्या स्वागताच्या फलकावर ते आलेले असते. छपाईला जाणारा प्रत्येक कागद मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावा, आणि समारंभ होईपर्यंत सर्वत्र जुनेच चिन्ह ठेवावे. सूत्रसंचालकांनाही लेखी सूचना द्यावी की अनावरणापूर्वी चिन्हाविषयी एकही वाक्य बोलू नये आणि चारोळीही म्हणू नये. ‘समई आणि कमानीचा सुंदर संगम’ असे निवेदन आधीच झाले तर मुख्याध्यापकांच्या भाषणाचा गाभाच निघून जातो.

भाषणानंतरचे प्रश्न

समारंभ संपल्यावर निदान अर्धा तास मुख्याध्यापकांनी फलकाजवळ थांबावे. तक्रार करायची असते ती मंडळी सभेत बोलत नाहीत, फलकाजवळ येऊन बोलतात. ‘आमचेच चिन्ह चांगले होते’ असे म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्याला नव्या चिन्हाचे गुण समजावू नयेत. ‘होतेच, म्हणून त्याची समई ठेवली’ असे म्हणून त्यांच्याकडे जुना बिल्ला, जुने प्रगतिपुस्तक किंवा स्पष्ट छापलेले जुने चिन्ह आहे का, असे विचारावे. शाळेच्या संग्रहात ते हवेच असते. ‘या सगळ्याला खर्च किती आला आणि तो कुठून केला’ या पालकांच्या प्रश्नाला आकडा सांगावा. आकडा लहान असेल तर लपवण्याचे कारण नाही. मोठा असेल तर तो आज ना उद्या कळणारच आहे. ‘कमान दिसतच नाही, हे पूल वाटते’ असे दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले तर ते टिपून ठेवून चित्रकाराला दाखवावे. पहिली मोठी छपाई मे महिन्यात आहे, तोवर एखादी रेघ सुधारता येते.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन वर्गांत जाऊन मुलांना चिन्ह न पाहता वहीत काढायला सांगावे. समई आणि कमान बहुतेकांनी काढली तर चिन्हही पोहोचले आणि भाषणही. मुलांनी नुसते वर्तुळ काढून आत काहीतरी रेघोट्या मारल्या असतील, तर वर्गशिक्षकांनी कमानीची हकिकत परिपाठात पुन्हा सांगावी, या वेळी मुलांना कमानीखाली उभे करून. अंतिम चित्राची मूळ फाइल, हस्तांतरण-पत्र, रंगांचे क्रमांक आणि भाषणाची सही केलेली प्रत एकाच फाइलमध्ये लावून संस्थेच्या कार्यालयात ठेवावी, आणि त्याच फाइलमध्ये जुन्या चिन्हाची मिळालेली सर्वांत स्पष्ट प्रतही ठेवावी.